सहकाऱ्याच्या पदोन्नतीचं अभिनंदन : साच्यातलं वाटू नये म्हणून काय लिहावं?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका तहसील कार्यालयात मी महसूल सहायक आहे. आमच्या एका तलाठी ताईंचा मंडळ अधिकारी पदाचा आदेश परवा निघाला. पदस्थापना शेजारच्या तालुक्यात मिळाली, सोमवारी त्या कार्यमुक्त होतील.

आदेशाची पीडीएफ ग्रुपवर पडली आणि अर्ध्या तासात अभिनंदनाची रांग लागली. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं त्याला गुलाबाचं फूल जोडलं. मी अजून काहीच टाकलं नाही, कारण या बाईंचं काम मी जवळून पाहिलंय आणि मला ते नीट सांगायचंय. कागदावर उतरलं ते असं :

"आदरणीय ताई, आपली मंडळ अधिकारी या पदावर पदोन्नती झाल्याबद्दल आपले मनःपूर्वक हार्दिक अभिनंदन. आपण अत्यंत मनमिळाऊ, कार्यतत्पर व कर्तव्यदक्ष असून आपल्या अनुभवाचा लाभ मंडळातील जनतेस निश्चितच मिळेल. आपल्या कार्याचा आलेख असाच उंचावत राहो, ही आई तुळजाभवानीचरणी प्रार्थना. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

यातलं खोटं काहीच नाही, पण नाव बदलून हे कुणालाही देता येईल. काय बदलू? आणि आणखी एक. वयानं मी मोठा, त्या मला दादा म्हणतात, मी त्यांना ताई. पदानं आता त्या वर गेल्या. पत्रात काय म्हणावं?

परभणीकर
अभिनंदन त्यांचं! सत्कार कधी ठेवलाय? मी आमच्याकडं सूत्रसंचालन करतो. सुरुवातीला दीपप्रज्वलन, मग शाल-श्रीफळ तहसीलदार साहेबांच्या हस्ते, मग दोघांची मनोगतं, शेवटी सत्कारमूर्तींचं उत्तर. मधे मधे म्हणायला माझ्याकडं चारोळ्या आहेत, पाठवू का? मनोगताला तीन मिनिटांच्या वर देऊ नका, लोक उठायला लागतात.

मांजराकाठ
परभणीकर, सत्कार कार्यालय करणारच आहे, ते माझ्याकडं नाही. मला माझ्या नावानं त्यांना दोन ओळी द्यायच्यात.

उदगीरचा बाळू
दादा, एवढा इचार काहून करायलाव? मनातून असलं की शब्द कसेबी चालतेत. फक्त हातानं लिवा. मोबाइलवरचं कुणी ठेवत नाही, कागद ठेवतेत. हेच वरचं चांगल्या कागदावर, शाईच्या पेनानं लिहून लिफाफ्यात घालून द्या. बस झालं.

बालाघाट
बाळूभाऊ, हातानं लिहायचं म्हणता ते मला पटतं. पण हाच मजकूर हातानं उतरवला तर तो हातानं उतरवलेला साचा होईल. मन खरं आहे हे आपल्याला माहीत असतं, वाचणाऱ्यापर्यंत ते शब्दांतूनच पोचायचं असतं.

मी निवृत्त झाले ती आस्थापना शाखेतून. पदोन्नतीची प्रकरणं तयार करताना माणसांचे गोपनीय अहवाल समितीपुढं ठेवावे लागायचे. "काम समाधानकारक", "स्वभाव मनमिळाऊ", "सचोटी निर्विवाद" असं वर्षानुवर्षं तेच. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या फाईलला लागला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण काही साहेब असे होते की एकच ओळ लिहायचे, अमुक काम आलं तेव्हा यानं अमुक केलं. ती ओळ वाचली की माणूस डोळ्यांपुढं उभा राहायचा. पुढं मी अभिनंदनाची, निरोपाची पत्रं लिहिताना तेवढंच ध्यानात ठेवलं.

म्हणून मांजराकाठ, मजकूर सध्या बाजूला ठेवा आणि मला एवढंच सांगा : ताईंचं कोणतं काम तुमच्या टेबलावर आलं होतं? "फार कष्टाळू" असं नको. एकच काम, एकाच वेळचं.

मांजराकाठ
काकू, मग सांगतो.

२०२५ च्या एप्रिलात जिवंत सातबारा मोहीम आली, आठवत असेल. जे खातेदार वारले त्यांची नावं कमी करून वारसांची लावायची. बहुतेक ठिकाणी चावडीत वाचन झालं, ज्यांनी अर्ज दिले त्यांची कामं झाली. ताईंनी अर्जांची वाट बघितली नाही. ग्रामपंचायतीतून मृत्यू नोंदवही मागवली, आठ-अ चा उतारा शेजारी ठेवला आणि एकेक नाव ताडून बघितलं. जे वारलेत पण ज्यांच्या घरातून कुणीच आलं नाही, त्यांची वेगळी यादी काढली आणि कोतवालाकरवी घरोघरी निरोप धाडले.

त्यातही लेकींचा प्रश्न आला. भाऊ मंडळी येऊन म्हणायची, बहिणी सासरी सुखात आहेत, त्यांची नावं कशाला? ताई काही वाद घालायच्या नाहीत. "नंबर सांगा" म्हणायच्या आणि समोरच फोन लावायच्या. "तुमचे वडील वारले, वारसात तुमचं नाव लागतंय, तुम्हाला माहीत आहे ना?" एवढंच विचारायच्या. मग नोंद, नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ते काम उन्हाळाभर चालू होतं.

मग सप्टेंबरातली अतिवृष्टी. आमच्याकडं सोयाबीन शेतातच सडलं. पंचनामे झाले, मदतीच्या याद्या माझ्याकडं अपलोडला आल्या. सातबाऱ्यावर मयताचं नाव असलं की बँक खातं कुणाचं लावायचं इथंच गाडी अडते. काही याद्यांत त्या शेऱ्याच्या पानभर ओळी होत्या. ताईंच्या यादीत बोटावर मोजण्याइतक्या. मी यादी दोनदा वर-खाली केली, वाटलं एखादं पान यायचं राहिलं.

बालाघाट
पत्र तर झालं की तुमचं. मला सांगितलंत ते ताईंना सांगा.

यात एक गोष्ट बघा. मृत्यू नोंदवही घेऊन बसल्या, फोन लावले, हे ताईंना माहीतच आहे. पण यादी तुमच्या टेबलावर कशी दिसली, हे त्यांना माहीत नाही. त्यांनी ती पाठवली आणि त्या पुढच्या गावच्या पंचनाम्याला गेल्या. आपल्या कामाचं पुढं काय झालं, हे सरकारी माणसाला सहसा कळतच नाही. ते पुढच्या टेबलावरच्या माणसाला दिसतं. तो माणूस तुम्ही आहात. दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही अशी हीच एक गोष्ट तुमच्याकडं आहे. ती आली की "कर्तव्यदक्ष" लिहायची गरज राहत नाही, वाचणारा स्वतःच म्हणतो.

मात्र एक जपा. इतर याद्यांत पानभर ओळी होत्या, हे ग्रुपवर चुकूनही लिहू नका. त्या याद्या करणारी मंडळी त्याच ग्रुपवर आहेत. तुम्ही ताईंचं कौतुक कराल आणि जाता जाता त्यांना चार माणसांच्या नजरेत आणाल. खासगी पत्रातही तुलना नको, ताईंची यादी एकटी पुरेशी बोलते.

तेरणा
काकूंना अनुमोदन. माझाच अनुभव सांगते. मी बँकेत आहे. अधिकारी झाले तेव्हा किनवटकडच्या शाखेत बदली झाली. फोन आणि मेसेज भरपूर आले. त्यातले निम्मे "घर-संसार सांभाळून हे यश मिळवलंत" असे. माझ्याबरोबर बढती मिळालेल्या पुरुषांना असं कुणी लिहिलं नाही. काहींनी तर अभिनंदनाच्याच मेसेजात "आता आमच्या कर्जाच्या फाईलकडं लक्ष असू द्या" असं जोडलं. ते वाचून अभिनंदनही गेलं आणि फाईलही डोक्यातून गेली.

लक्षात राहिला तो आमच्या शिपाईमामांचा. त्यांनी लिहिलं होतं : "म्याडम, रोखीत फरक आला त्या सांजच्याला तुम्ही क्याशियरच्या पोराला रागावला नाहीत, सोबत बसून गड्ड्या मोजल्या. शंभराच्या गड्डीत पाचशेच्या नोटा निघाल्या. ते पोरगं आजबी तुमचं नाव काढतं." पोरगं नाव काढतं हे मला ठाऊक नव्हतं. तो मेसेज मी अजून ठेवलाय.

परभणीकर
तेरणाताई, "घर सांभाळून" यात वाईट काय? माझी बायको शिक्षिका आहे, केंद्रप्रमुख झाली तेव्हा तिला हेच वाक्य सगळ्यात आवडलं. म्हणाली, कुणीतरी ओळखलं.

तेरणा
त्यांच्या घरात काय काय चाललंय हे जवळून बघणाऱ्यानं म्हटलं असेल तर वेगळं. मला ज्यांनी लिहिलं त्यांना माझ्या घरात कोण आहे हेही माहीत नव्हतं. बाई आहे म्हणजे हे लिहायचं, असं वाटलं. तरी वहिनींना आवडलं असेल तर मी चूक कशी म्हणू?

कयाधू
धागा वाचायलोय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. हिंगोलीला आहे, खातं सांगत नाही. आम्ही दोघं एकाच दिवशी रुजू झालो. परवाच्या यादीत त्याचं नाव आलं, माझं नाही. ज्येष्ठतेत मी त्याच्या वर असायला हवा होतो असं मला वाटतं. तो दोस्त आहे, त्याचा काही दोष नाही. पण "मनापासून आनंद झाला" असं लिहायला हात उचलत नाही. काहीच नाही लिहिलं तर लोक म्हणतील जळतोय. काय करावं?

उदगीरचा बाळू
भावा, तू लिवूच नको. तोंडावर जाऊन हात मिळव, चहा पाज. दोस्तीत कागद कशाला?

बालाघाट
कयाधू, दोन गोष्टी वेगळ्या करा. ज्येष्ठता हा कार्यालयाचा प्रश्न आहे. प्राथमिक ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की हरकतींना मुदत असते, तिथं नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्याची तारीख जोडून लेखी द्यायचं. ती मुदत गेली असेल तरी आस्थापनेला अर्ज करून कारण विचारा. विभागीय परीक्षेची तारीख मागेपुढे असली तर एकाच दिवशी रुजू झालेल्यांतही क्रम बदलतो, हे मी कितीदा पाहिलंय. मित्राच्या अभिनंदनात यातलं अक्षरही नको. "मला मिळाली नाही तरी तुझा आनंद आहे" असंही नको. त्यानं आनंद करायचा की तुमची समजूत घालायची?

आणि जे वाटत नाही ते लिहू नका. "मनापासून आनंद झाला" नसेल तर ते वाक्य गाळा. "अभिनंदन" लिहा आणि त्यानं खरोखर केलेली एक गोष्ट लिहा. तेवढं तुम्हाला खरं लिहिता येईल ना?

कयाधू
येईल. पण काकू, माझ्या मनात सल असताना त्याचं कौतुक करणं हाही खोटेपणाच नाही का?

तेरणा
मला नाही वाटत. सल आणि ती गोष्ट दोन्ही खरी आहेत, तुम्ही फक्त एक त्याला देताय.

बालाघाट
मी यावर ठामपणे बोलणार नाही. काहींना जमतं, काहींना थोडे दिवस जावे लागतात. उशिरा गेलेलं अभिनंदनही चालतं, रुजू झाल्यावर आठ दिवसांनी पाठवलं तरी. फक्त आदेश हातात पडायच्या आधी कुणाचंही अभिनंदन करू नका. यादीत नाव आहे म्हणजे पदोन्नती झाली असं नसतं, आणि पदस्थापना बघून पदोन्नती नाकारणारेही असतात. अशा माणसाला आलेल्या अभिनंदनाचं काय करावं हे त्याला कळत नाही.

मांजराकाठ
काकू, तुमच्या सांगण्यावरून परत लिहिलं. बघा :

"ताई, आदेश वाचला. फार आनंद झाला. अभिनंदन.
एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. सप्टेंबरच्या पावसानंतर तुमच्या सजाची मदतीची यादी माझ्याकडं आली, तेव्हा मयत खातेदाराचा शेरा असलेल्या ओळी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. मी यादी दोनदा वर-खाली केली, वाटलं एखादं पान राहिलं. मग उन्हाळ्यात तुम्ही मृत्यू नोंदवही आणि आठ-अ समोर घेऊन बसायचात ते आठवलं. त्या सगळ्या घरांना पैसे वेळेत मिळाले. लेकींना फोन लावून त्यांची नावं वारसात घेतलीत, तेही मी ऐकत होतो.
आता फेरफार मंजुरीची सही तुमची. त्या मंडळातल्या लोकांचं बरं झालं.
— दादा"

उदगीरचा बाळू
लई भारी! फक्त दादा, आनंदाच्या कागदावर "मयत" शब्द नको. शकुनाचं लिहायलाव ना.

परभणीकर
बाळूशी सहमत. "वारस नोंद राहिलेल्या ओळी" म्हणा. अर्थ तोच, वाचायला बरं.

बालाघाट
मला तो शब्द खटकला नाही. महसूलवाले दिवसभर तोच शब्द वापरतात, ताईंना त्यात काही वाटणार नाही. पण दोघांना खटकला म्हणजे तो घरी आणखी कुणी वाचेल त्यालाही खटकेल. बदला.

मला वेगळी ओळ अडली. "त्या सगळ्या घरांना पैसे वेळेत मिळाले." हे तुम्ही पाहिलंत?

मांजराकाठ
यादी शेरा न लागता पुढं गेली हे पाहिलं. दिवाळीच्या आसपास पैसे यायला लागले, चार-पाच जण ऑफिसात येऊन सांगून गेले. सगळ्यांचं कसं सांगू?

बालाघाट
मग तेवढंच लिहा. "ती खाती यादीत अडकली नाहीत." ताईंना आपल्या गावांतली कोणती खाती बँकेकडून परत आली हे माहीत असणार. एका ओळीत वाढवून सांगितलं की त्या बाकीच्या ओळींकडंही तशाच बघतील. खरं आहे तेवढंच पुरेसं मोठं आहे.

लेकींची ओळ मात्र ठेवा, शेवटाकडंच ठेवा. यादी कशी झाली त्यातून काम कळतं, बाई कशी आहे ते त्या फोनवरून कळतं. आणि शेवटच्या दोन ओळींना हात लावू नका. "आपल्या अनुभवाचा लाभ जनतेस मिळेल" असं तुम्ही आधी लिहिलं होतं, तेच आता तुमच्या तोंडच्या भाषेत आलंय.

तेरणा
ग्रुपवर काय टाकणार? तिथं काहीच नाही टाकलं तर तेही दिसतं.

मांजराकाठ
ग्रुपवर एवढंच : "ताई, पदोन्नतीबद्दल अभिनंदन. वारस नोंदींचं काम तुम्ही उन्हाळ्यातच उरकलंत, म्हणून अतिवृष्टीच्या याद्या करताना मला फार सोपं गेलं. ते लक्षात राहील."

बालाघाट
छान. इतरांची तुलना नाही, लेकींचा विषय नाही. तो चार गावांच्या भावकीचा विषय आहे, ग्रुपवर नकोच.

परभणीकर
ताई की मॅडम ते राहिलंच. माझं म्हणणं, आता मॅडम म्हणा. तुम्ही चारचौघांत ताई म्हणालात तर उद्या गावातला पुढारीही म्हणेल, आणि सही मागायला येताना ताई म्हणत येईल.

उदगीरचा बाळू
आमच्याकडं ताई म्हणण्यात मान कमी हाय व्हय? कलेक्टर बाईलाबी म्हातारी माणसं ताईच म्हणतेत. दादानं एका रात्रीत मॅडम म्हणलं तर त्यांनाच परकं वाटंल.

बालाघाट
पत्रात ताई आणि तुम्ही. "आपण" लिहिलंत तर परिपत्रक वाचल्यासारखं होईल. कार्यालयात लोकांसमोर काय म्हणायचं ते पहिल्या दिवशी त्यांच्याकडं बघून ठरवा. यावर माझ्याकडं पक्का नियम नाही, एकाच कार्यालयात मी दोन्ही चाललेलं पाहिलंय.

मांजराकाठ
सोमवारचं सांगतो. सत्कार दुपारी झाला. पत्र मी सकाळीच दिलं, लिफाफ्यात, हातानं लिहून, बाळूचं ऐकून. ताईंनी उभ्या उभ्या वाचलं. मग विचारलं, "दादा, ती यादी आहे का अजून तुमच्याकडं?" मी म्हटलं आहे. तर म्हणाल्या, नव्या मंडळातल्या तलाठ्यांकडून मृत्यू नोंदवही आणि आठ-अ ताडून घ्यायचंय, शेरे कसे लागतात त्याचा कोरा नमुना पाठवा, पावसाळ्याच्या आत काम झालं पाहिजे. संध्याकाळी पाठवला.

हाक मारताना तोंडातून ताईच निघालं. तहसीलदार साहेब शेजारी होते, कुणी काही म्हणालं नाही.

तेरणा
वा! पत्र कसं झालं हे विचारायची गरजच नाही राहिली.

कयाधू
काकू, आस्थापनेला अर्ज दिला. परीक्षेच्या तारखेचंच निघालं बहुतेक, लेखी उत्तर यायचंय. दोस्ताचं मात्र अजून राहिलंय. काल एक आठवलं. कोरोनात मी पंधरा दिवस दवाखान्यात होतो, तेव्हा माझ्या टेबलाची आवक त्यानं स्वतःच्या नोंदवहीत चढवली आणि मी आल्यावर एक पत्र प्रलंबित नव्हतं. ते लिहायला घेतलंय, पण "पदोन्नती" या शब्दापाशी येऊन थांबायलंय. तो शब्द न घेता अभिनंदन होतं का?